लंबवर्तुळाची स्पर्शिका: y सुटा न करता

लंबवर्तुळावरच्या एखाद्या बिंदूपाशी स्पर्शिका काढायची म्हणजे त्या बिंदूतून जाणारी आणि तेवढ्याच एका ठिकाणी वक्राला टेकणारी रेषा शोधायची. रेषेचे समीकरण लिहायला तिच्यावरचा एक बिंदू आणि तिचा चढ एवढी माहिती पुरते. बिंदू दिलेलाच असतो. चढ मात्र काढावा लागतो आणि ते काम अवकलन करते. वक्रावरून सरकताना x किंचित बदलला तर y किती बदलतो, हे गुणोत्तर पाहायचे. X मधला बदल शून्याकडे नेला की ते गुणोत्तर ज्या संख्येवर येऊन ठेपते, तो त्या ठिकाणचा चढ. त्याला dy/dx असे लिहितात.

अडचण सुरू होते ती समीकरणाच्या रूपापासून. अवकलनाची पहिली उदाहरणे y = x² किंवा y = sin x अशी असतात. y एकटा डावीकडे आणि x चे सगळे प्रकरण उजवीकडे. लंबवर्तुळाचे समीकरण असे येत नाही. त्यात x आणि y एकाच बाजूला एकमेकांत गुंतलेले असतात. y ची किंमत x वर अवलंबून असते खरी, पण ती कशी, हे समीकरण उघड सांगत नाही. असे जे फलन समीकरणाच्या पोटात दडलेले असते त्याला अव्यक्त फलन म्हणतात, आणि y सुटा न करताच त्याचा चढ काढण्याच्या रीतीला अव्यक्त अवकलन. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला लंबवर्तुळ (पुस्तकी भाषेत विवृत्त) अकरावीत भेटते आणि ही रीत बारावीत.

एक ठरावीक लंबवर्तुळ घेऊन पाहू:

x² + 4y² = 100

y शून्य असेल तर x ची किंमत 10 किंवा −10 येते, आणि x शून्य असेल तर y ची 5 किंवा −5. म्हणजे हे आडवे लंबवर्तुळ डावीकडून उजवीकडे 20 एकक लांब आणि खालून वर 10 एकक उंच आहे. त्यावरचा (6, 4) हा बिंदू घेऊ. तो खरोखर वक्रावर आहे का, हे आधी तपासायचे: 6² म्हणजे 36, 4 × 4² म्हणजे 64, बेरीज 100. आहे. ही तपासणी किरकोळ वाटते, पण ती टाळली तर काय होते हे पुढे दिसेल.

पहिला विचार मनात येतो तो y सुटा करून घेण्याचा. येथे ते जमते. 4y² = 100 − x², म्हणून y = ½√(100 − x²) किंवा y = −½√(100 − x²). वर्गमूळ घेताना दोन चिन्हे आली, कारण एका x साठी लंबवर्तुळावर दोन बिंदू असतात, एक वरच्या कमानीवर आणि एक खालच्या. (6, 4) वरच्या कमानीवर आहे, म्हणून धन चिन्ह. वर्गमूळाचे अवकलन केले की चढ −x/(2√(100 − x²)) असा येतो आणि x = 6 ठेवल्यावर −6/(2 × 8), म्हणजे −3/8. उत्तर बरोबर आहे. पण त्यासाठी वक्राचे दोन तुकडे करावे लागले, कोणता तुकडा घ्यायचा ते ठरवावे लागले आणि वर्गमूळ सांभाळावे लागले. लंबवर्तुळ तिरके असले की हा पसारा वाढतो, आणि याहून गुंतागुंतीच्या वक्रांच्या बाबतीत y सुटा करणे पुष्कळदा शक्यच नसते.

आता दुसरी वाट. समीकरणाला हात न लावता वक्रावरच (6, 4) पासून जरासे सरकू. x मध्ये h एवढी वाढ झाली आणि त्यामुळे y मध्ये k एवढा बदल झाला असे धरू. नवा बिंदू (6 + h, 4 + k) हाही लंबवर्तुळावरच आहे, म्हणून तोही समीकरण पाळतो:

(6 + h)² + 4(4 + k)² = 100

कंस सोडवले की 36 + 12h + h² + 64 + 32k + 4k² = 100 असे होते. 36 आणि 64 मिळून 100 होतात आणि उजवीकडच्या 100 बरोबर उडून जातात. उरते ते एवढेच:

12h + h² + 32k + 4k² = 0

सगळी गोम या ओळीत आहे. h आणि k लहान असले की त्यांचे वर्ग त्याहून कितीतरी लहान होतात. h एक शतांश असेल तर h² एक दशसहस्रांश. म्हणून बिंदू जसजसा (6, 4) जवळ येतो तसतसे h² आणि 4k² यांचे वजन नाहीसे होत जाते आणि 12h + 32k = 0 एवढेच शिल्लक राहते. त्यातून k/h = −12/32 = −3/8. वर्गमूळ कुठेही आले नाही आणि कमानही निवडावी लागली नाही. बिंदू सांगताना x बरोबर y = 4 हेही सांगितले होते, त्यातच वरची कमान आली.

आकडे घालून पाहायचे असेल तर h = 0.01 घ्यावा. समीकरण सोडवल्यावर k सुमारे −0.003755 येतो, म्हणजे गुणोत्तर −0.3755. h = 0.001 घेतला तर गुणोत्तर −0.37505 होते. −3/8 म्हणजे −0.375, आणि गुणोत्तर त्याच्याकडेच सरकताना दिसते.

दर वेळी h आणि k मांडत बसायला नको म्हणून हाच हिशेब नियमांत बांधलेला आहे. x² मधला बदल 2x पट h असतो. y² मधला बदल त्याच न्यायाने 2y पट k असतो. मात्र k हा स्वतंत्र नाही, तो h मुळे झालेला बदल आहे आणि h च्या dy/dx पट आहे. म्हणून x च्या हिशेबात y² चे अवकलज नुसते 2y नसून 2y × dy/dx असते. यालाच साखळी नियम म्हणतात: y² बदलतो y मुळे, y बदलतो x मुळे, आणि दोन्ही कड्यांचे दर एकमेकांना गुणले जातात. मग मूळ समीकरणातल्या प्रत्येक पदाचे अवकलन करून असे लिहिता येते:

2x + 8y · dy/dx = 0

उजवीकडे शून्य आहे, कारण 100 ही स्थिर संख्या आहे आणि बिंदू वक्रावर कुठेही सरकला तरी ती बदलत नाही. आता dy/dx हे या समीकरणातले साधे अज्ञात पद आहे. ते सोडवायचे:

dy/dx = −x/(4y)

(6, 4) साठी हे −6/16, म्हणजे −3/8. स्पर्शिका (6, 4) मधून जाते आणि तिचा चढ −3/8 आहे, म्हणून y − 4 = −(3/8)(x − 6). दोन्ही बाजूंना 8 ने गुणून पदे लावली की

3x + 8y = 50

ही झाली स्पर्शिका.

आधीच्या रीतीतले −x/(2√(100 − x²)) आणि आताचे −x/(4y) ही एकच गोष्ट आहे, हे डोळे उघडे ठेवून पाहिले तर लगेच कळते. वरच्या कमानीवर √(100 − x²) म्हणजेच 2y. नव्या सूत्रात y तसाच ठेवला आहे एवढेच. उत्तरात x आणि y दोन्ही राहतात याचे नवख्याला कोडे पडते आणि काहीतरी अर्धवट राहिले असे वाटते. तसे काही नाही. वक्रावरचा बिंदू x आणि y दोन्हींनी ठरतो, तेव्हा तिथला चढही दोन्हींनी ठरला तर त्यात नवल नाही.

चुका कुठे होतात तेही येथेच पाहून घ्यावे. नेहमीची चूक म्हणजे y² चे अवकलज 2y लिहून dy/dx विसरणे. मग 2x + 8y = 0 असे समीकरण हाती येते आणि त्यात सोडवायला dy/dx उरतच नाही, म्हणून ही चूक लगेच पकडता येते. दुसरी चूक अधिक लबाड आहे: उजवीकडचे 100 तसेच ठेवणे. 2x + 8y · dy/dx = 100 या समीकरणातून (6, 4) पाशी चढ (100 − 12)/32, म्हणजे 2.75 येतो. दिसायला हे उत्तर निर्धोक आहे, पण (6, 4) हा बिंदू वर-उजवीकडच्या चतुर्थांशात आहे आणि तिथे लंबवर्तुळ उजवीकडे उतरत जाते. चढ धन येणे शक्यच नाही. आकृती काढून चिन्ह पाहण्याची सवय असली की असली चूक टिकत नाही.

पूर्ण खात्री हवी असेल तर रेषा आणि लंबवर्तुळ कुठे भेटतात ते पाहावे. 3x + 8y = 50 यातून x = (50 − 8y)/3. ही किंमत लंबवर्तुळाच्या समीकरणात घालून 9 ने गुणले की (50 − 8y)² + 36y² = 900. कंस सोडवून आवरले की 100y² − 800y + 1600 = 0, आणि 100 ने भागल्यावर

y² − 8y + 16 = 0, म्हणजे (y − 4)² = 0

रेषा वक्राला छेदून आरपार गेली असती तर y च्या दोन वेगळ्या किमती मिळाल्या असत्या. येथे एकच किंमत दोनदा आली, y = 4. दोन छेदनबिंदू एकमेकांत मिसळून एक होणे हीच स्पर्शिकेची खूण. ही तपासणी अवकलनाचे नावही घेत नाही, म्हणून ती भरवशाची आहे.

आणखी एक तपासणी भूमितीतून मिळते, आणि ती फार जुनी आहे. 10 त्रिज्येचे वर्तुळ x² + y² = 100 घ्यावे आणि त्यावरच्या प्रत्येक बिंदूची x-अक्षापासूनची उंची निम्मी करावी. वर्तुळ दबून जे तयार होते ते नेमके आपले लंबवर्तुळ. वर्तुळावरचा (6, 8) हा बिंदू दबून (6, 4) होतो. वर्तुळाची (6, 8) पाशी स्पर्शिका 6x + 8y = 100 आहे आणि तिचा चढ −3/4. सगळ्या उंच्या निम्म्या झाल्या म्हणून चढही निम्मा, −3/8. शिवाय x-अक्षावरच्या बिंदूंची उंची शून्यच असते, ते दबताना जागचे हलत नाहीत. तेव्हा दोन्ही स्पर्शिका x-अक्षाला एकाच बिंदूत मिळायला हव्यात. वर्तुळाच्या स्पर्शिकेत y = 0 घातला तर x = 50/3. लंबवर्तुळाच्या स्पर्शिकेतही 3x = 50, म्हणजे 50/3. कागदावर नुसत्या पट्टीने स्पर्शिका ओढायची असेल तर ही युक्ती उपयोगी पडते: बाहेरच्या वर्तुळाची स्पर्शिका अक्षाला जिथे मिळते तिथून लंबवर्तुळावरच्या बिंदूपर्यंत रेष ओढली की झाले. 6 आणि 50/3 यांचा गुणाकार 100 येतो, म्हणजे 10 चा वर्ग, आणि हाही योगायोग नाही. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमाराच्या अपोलोनियसने शंकुच्छेदांवरच्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच खंडात हा गुणधर्म सिद्ध केलेला आहे. त्याच्याकडे ना अक्षरांचे बीजगणित होते ना अवकलन.

अवकलनाच्या रीतीची खरी गरज सतराव्या शतकात भासली, जेव्हा वक्र हे समीकरणाने दिले जाऊ लागले. देकार्तने १६३८ मध्ये फर्माला आव्हान म्हणून एक वक्र दिला होता, ज्याचे समीकरण आज x³ + y³ = 3axy असे लिहितात. त्यात y सुटा करणे सोपे नाही. फर्माने स्पर्शिका काढून दाखवली. बिंदू किंचित सरकवायचा आणि लहान बदलाचे वर्ग सोडून द्यायचे, ही वर वापरलेली कल्पना मूळ त्याच्याच धाटणीची. पुढे लिएजच्या रने-फ्रान्स्वा द स्ल्यूझ या धर्मगुरूने अशा समीकरणांतून चढ थेट लिहून काढण्याचा नियम तयार केला, आणि तो १६७३ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. आजच्या भाषेत तो नियम म्हणजे बहुपदींचे अव्यक्त अवकलनच. लाइब्निट्सने ऑक्टोबर १६८४ मध्ये लाइपझिगच्या 'आक्टा एरुडिटोरुम' मध्ये अवकलनाचे नियम प्रसिद्ध केले. त्या लेखाच्या लांबलचक मथळ्यातच त्याने सांगून टाकले आहे की ही रीत अपूर्णांकांपाशी किंवा वर्गमुळांपाशी अडत नाही. समीकरणातल्या प्रत्येक पदापुढे d लावत जायचे, x साठी dx आणि y साठी dy, दोघांत भेदभाव नाही. त्याच्या मांडणीत व्यक्त आणि अव्यक्त असा फरक करायची वेळच येत नाही.

आपल्या सूत्राकडे परत येऊन त्याच्या मर्यादा पाहू. dy/dx = −x/(4y) यात छेदात y आहे, म्हणून y = 0 असेल तर सूत्र बोलत नाही. लंबवर्तुळावर असे दोन बिंदू आहेत, (10, 0) आणि (−10, 0), म्हणजे उजवे आणि डावे टोक. तिथे स्पर्शिका नाही असा निष्कर्ष काढणे मात्र चूक. स्पर्शिका आहे; ती उभी आहे, x = 10. उभ्या रेषेला चढ नसतो म्हणून सूत्र गप्प बसते. 2x + 8y · dy/dx = 0 ऐवजी लाइब्निट्सच्या धाटणीने 2x dx + 8y dy = 0 असे लिहिले की हा घोळच होत नाही: (10, 0) पाशी 20 dx = 0, म्हणजे x मध्ये बदल नाही, बदल होतो तो y मध्ये. अंशात आणि छेदात दोन्हीकडे शून्य येण्यासाठी x आणि y दोन्ही शून्य लागतील, आणि (0, 0) हा लंबवर्तुळाचा मध्य वक्रावर नाहीच. म्हणून लंबवर्तुळाच्या प्रत्येक बिंदूला स्पर्शिका मिळते. देकार्तच्या वक्राचे तसे नाही. तो मूळबिंदूपाशी स्वतःलाच छेदतो आणि तिथे हे सूत्र 0/0 म्हणून हात वर करते.

दुसरी मर्यादा ध्यानात यायला अवघड आहे. −x/(4y) या सूत्रात 100 कुठेच नाही. अवकलन करताना ती संख्या शून्य झाली आणि सूत्राला तिचा पत्ता राहिला नाही. आता कुणी बिंदू (6, 4) ऐवजी चुकून (6, 5) घेतला तर सूत्र तक्रार न करता −6/20, म्हणजे −3/10 असा चढ देईल आणि 3x + 10y = 68 अशी रेषाही तयार होईल. पण 36 + 4 × 25 = 136. हा बिंदू आपल्या लंबवर्तुळावर नाही, त्याच्या बाहेर आहे. मिळालेली रेषा x² + 4y² = 136 या मोठ्या लंबवर्तुळाची स्पर्शिका आहे; आपल्या लंबवर्तुळाला ती शिवतही नाही. त्याहून पुढचे म्हणजे x² + 4y² = −100 या समीकरणातूनही −x/(4y) हेच सूत्र निघते, आणि या समीकरणाला एकही बिंदू नाही. वक्रच नाही तर चढ कसला? प्रत्येक पदाचे अवकलन करताना y हे x चे फलन आहे असे आपण गृहीत धरलेले असते. ते गृहीतक खरे आहे की नाही हे पद्धत तपासत नाही. बिंदू समीकरणात घालून पाहणाऱ्यालाच ते तपासावे लागते.

या बाहेरच्या बिंदूची एक गंमत सांगण्याजोगी आहे. स्पर्शिका झटपट लिहिण्याची एक युक्ती प्रचलित आहे: x² च्या जागी बिंदूचा x गुणिले x, आणि y² च्या जागी बिंदूचा y गुणिले y. (6, 4) साठी 6x + 4 · 4y = 100, म्हणजे 3x + 8y = 50; अवकलनाने आलेलेच उत्तर. हीच युक्ती (6, 5) ला लावली तर 6x + 20y = 100, म्हणजे 3x + 10y = 50 येते. ही रेषा (6, 5) मधून जातच नाही, कारण 18 + 50 = 68. पण ती निरर्थकही नाही. ती लंबवर्तुळाला (0, 5) आणि (150/17, 40/17) या दोन ठिकाणी छेदते, आणि (6, 5) पासून लंबवर्तुळाला ज्या दोन स्पर्शिका काढता येतात त्या नेमक्या याच दोन बिंदूंत टेकतात. पहिली तर पाहताक्षणी पटते: (0, 5) हे लंबवर्तुळाचे माथ्याचे टोक, तिथली स्पर्शिका y = 5, आणि ती (6, 5) मधून जाते.

आता तिरके लंबवर्तुळ, जिथे ही रीत आपले मोल दाखवते:

x² − xy + y² = 7

याचे अक्ष x आणि y अक्षांशी 45 अंशांनी वळलेले आहेत. x = 3 घातला तर y² − 3y + 2 = 0, म्हणून y ची किंमत 1 किंवा 2. एकाच x वर दोन बिंदू, (3, 2) आणि (3, 1). पदवार अवकलन करताना xy या पदापाशी थांबावे लागते, कारण तो दोन बदलत्या राशींचा गुणाकार आहे. त्याचे अवकलज y + x · dy/dx. मागे ऋण चिन्ह आहे, ते दोन्ही पदांना लागते:

2x − y − x · dy/dx + 2y · dy/dx = 0

dy/dx ची पदे एकत्र केली की dy/dx = (y − 2x)/(2y − x). (3, 2) पाशी हे (2 − 6)/(4 − 3) = −4, आणि (3, 1) पाशी (1 − 6)/(2 − 3) = 5. एका बिंदूत वक्र जोरात उतरतो आहे, दुसऱ्यात जोरात चढतो आहे, आणि x दोन्हीकडे 3 च. स्पर्शिका अनुक्रमे 4x + y = 14 आणि 5x − y = 14. (3, 2) आणि (3, 1) यांच्यामध्ये कुठेतरी लंबवर्तुळाचे सर्वांत उजवे टोक असणार, जिथे स्पर्शिका उभी होते. छेद शून्य करून, म्हणजे x = 2y घेऊन, तेही मिळते: 3y² = 7, y सुमारे 1.53 आणि x सुमारे 3.06. वर्गसमीकरण सोडवून y = (x ± √(28 − 3x²))/2 असे लिहिले तरी हीच उत्तरे येतात, पण तो रस्ता ज्याने एकदा चालून पाहिला तो पुन्हा सहसा त्या वाटेला जात नाही.

स्पर्शिका हातात आली की तिला स्पर्शबिंदूवर लंब असणारी रेषा, म्हणजे अभिलंब, फुकटात मिळते, आणि लंबवर्तुळाचा खरा गुण तिथे कळतो. (6, 4) पाशी स्पर्शिकेचा चढ −3/8, म्हणून अभिलंबाचा 8/3. ती रेषा x-अक्षाला x = 4.5 येथे छेदते. x² + 4y² = 100 च्या दोन नाभी अक्षावर मध्यापासून √(100 − 25), म्हणजे सुमारे 8.66 अंतरावर दोन्ही बाजूंना आहेत. (6, 4) पासून त्यांची अंतरे 15.196 आणि 4.804, बेरीज 20, जी लंबवर्तुळाच्या व्याख्येप्रमाणे यायलाच हवी. अभिलंबाच्या छेदनबिंदूपासून त्याच नाभींची अंतरे 13.16 आणि 4.16. पहिल्या जोडीचे गुणोत्तर 3.163 आणि दुसऱ्या जोडीचेही 3.163. दहावीच्या भूमितीतल्या कोनदुभाजकाच्या प्रमेयाचा व्यत्यास लावला की कळते, अभिलंब दोन नाभींकडे जाणाऱ्या रेषांमधला कोन बरोबर दुभागतो. आरशाचा नियमही हाच. त्यामुळे एका नाभीतून निघालेला ध्वनी किंवा प्रकाश लंबवर्तुळावर कुठेही आपटला तरी परावर्तित होऊन दुसऱ्या नाभीत पोचतो. मुतखडा फोडण्याच्या लिथोट्रिप्सी यंत्राचा मूळ नमुना याच गुणावर चालत असे: लंबवर्तुळ फिरवून बनवलेल्या धातूच्या वाटीत एका नाभीवर विद्युत ठिणगी पाडायची, आणि रुग्णाला अशा बेताने ठेवायचे की खडा दुसऱ्या नाभीवर येईल. म्युनिकमध्ये १९८० मध्ये पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला.